घाव एकच, कलमे निराळी

फौजदारी कायद्याच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न घेऊ. शेताच्या बांधावरून ‘अ’ आणि ‘ब’ यांची जुंपते. अ घरी जातो, मोठा सुरा घेऊन परत येतो आणि ब च्या पोटात एकदाच खुपसतो. ब दुसऱ्या दिवशी रुग्णालयात दगावतो. अ सांगतो, ‘मला त्याला ठार मारायचे नव्हते, नुसती अद्दल घडवायची होती.’ अ कोणत्या गुन्ह्यासाठी दोषी ठरेल?

बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच वाक्य सापडते: ठार मारण्याचा उद्देश नव्हता, म्हणून हा खून नाही, सदोष मनुष्यवध आहे. हे उत्तर चुकीचे आहे आणि त्याचा दोष मी विद्यार्थ्यांपेक्षा शिकवण्याच्या पद्धतीला देतो. आपण ‘मेन्स रिया’ म्हणजे अपराधी मन अशी व्याख्या पाठ करून घेतो. उद्देश, जाणीव, बेदरकारपणा, हयगय हे शब्द एकाखाली एक लिहून देतो. पण ते मन नेमके कशावर रोखलेले होते, हा प्रश्न विचारायला शिकवत नाही. सगळे गुण त्या प्रश्नात असतात, आणि न्यायालयात आरोपीच्या आयुष्याची वर्षेही.

भारतीय न्याय संहितेचे कलम १०१ खुनाच्या चार वाटा सांगते. मृत्यू घडवण्याचा उद्देश ही त्यातली फक्त पहिली. तिसऱ्या वाटेत आरोपीच्या मनात मृत्यू नसला तरी चालते. त्याला ती विशिष्ट इजा करायची होती आणि ती इजा निसर्गक्रमाने मृत्यू घडवण्यास पुरेशी होती, एवढे सिद्ध झाले की खून ठरतो. इथे दोन कसोट्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी लागतात. पहिली आरोपीच्या मनाला लागते: हा घाव त्याला इथेच घालायचा होता का? दुसरी मनाशी संबंधितच नाही. घाव जीवघेणा होता का, हे शवविच्छेदन करणारा डॉक्टर सांगतो. आरोपीला ते ठाऊक होते का, हे कोणी विचारत नाही.

हे स्पष्ट केले ते १९५८ च्या विरसा सिंग खटल्याने. पंजाबमधल्या या प्रकरणात भाल्याचा एकच वार पोटात बसला होता, आतडी बाहेर आली होती आणि माणूस दुसऱ्या दिवशी मरण पावला. बचाव असा होता की, मृत्यूस पुरेशी ठरेल अशीच इजा करण्याचा उद्देश सिद्ध व्हायला हवा. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो फेटाळला. इजा कोणती, तिचे स्वरूप काय, ती अपघाताने न होता ठरवून केलेली आहे का आणि ती निसर्गक्रमाने मृत्यूस पुरेशी आहे का, अशा क्रमाने त्यांनी विचार केला. जीवघेणी इजा करायची आणि मग ‘ती जीवघेणी होती हे मला कळले नाही’ म्हणायचे, ही सोय कायदा देत नाही.

म्हणून आपल्या प्रश्नातला अ खुनासाठी दोषी आहे. अचानक उद्भवलेल्या भांडणाचा अपवादही त्याला वाचवत नाही, कारण तो घरी जाऊन सुरा घेऊन आला. प्रश्नकर्त्याने ते अर्धे वाक्य मुद्दाम घातलेले असते.

आता एकच तथ्य बदलू. झटापट चालू आहे, अ सुरा फिरवतो, ब वाकतो आणि पाते त्याच्या मांडीत शिरते. मांडीतली मोठी धमनी तुटते आणि रक्तस्रावाने ब मरतो. डॉक्टर म्हणतो, जखम मृत्यूस पुरेशी होती. म्हणजे दुसरी कसोटी पुरी झाली. पण पहिलीचे काय? घाव नेमका त्या जागी घालायचा होता, हे सिद्ध होत नाही. १९६८ च्या हरजिंदर सिंग खटल्यात जवळपास अशीच परिस्थिती होती आणि सर्वोच्च न्यायालयाने खुनाची शिक्षा बदलून सदोष मनुष्यवधाची दिली. मृत्यू तसाच, हत्यारही तसेच. ढळला तो फक्त त्या विशिष्ट इजेचा उद्देश.

आणखी एक बदल. सुरा नाही, फक्त एक ठोसा. धडधाकट माणूस त्याने मरणार नाही, पण ब ला असा आजार आहे की तेवढाही मार जिवावर बेतावा. अ ला आजार माहीत असेल आणि त्याने इजा करण्यासाठीच ठोसा मारला असेल तर कलम १०१ ची दुसरी वाट लागू होते आणि तो खून ठरतो. माहीत नसेल आणि उद्देशही जीवघेण्या इजेचा नसेल तर खून नाही. इथे सारा निकाल जाणिवेवर उभा आहे, म्हणून प्रश्नात ‘शेजारी’, ‘भाऊ’, ‘औषध आणून देणारा’ असे शब्द आले की थांबून वाचावे.

जाणीव आणि हयगय यांच्यातली सीमा मात्र सर्वांत अवघड आहे. तिथे मुंबईचा ॲलिस्टर परेरा खटला नीट समजून घ्यायला हवा. नोव्हेंबर २००६ मध्ये पहाटेच्या वेळी वांद्र्याच्या कार्टर रोडवर मद्य घेतलेल्या चालकाची गाडी पदपथावर चढली. तिथे झोपलेल्या मजुरांपैकी सात जण ठार आणि आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने हयगयीचे कलम लावून सहा महिन्यांची कैद दिली. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षे दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

कोणाला मारण्याचा उद्देश इथे कोणीच म्हटला नव्हता. वाद एवढाच होता की, अशा चालवण्याने माणसे मरू शकतात याची जाणीव होती, की काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही? वेग, मद्य आणि वस्तीचा रस्ता या गोष्टींवरून न्यायालयाने जाणीव ठरवली. ‘प्यायलो होतो, भान नव्हते’ हा बचाव इथे चालत नाही. स्वखुशीने नशा केलेल्या माणसाला शुद्धीत असता जी जाणीव असती तीच होती असे कायदा धरतो. उद्देशाबाबत मात्र असे आपोआप धरत नाही. हा फरक परीक्षेत फार थोडे जण लिहितात.

शिक्षेचा फरकही पाहा. नव्या संहितेत मृत्यूचा किंवा मृत्यू संभवेल अशा इजेचा उद्देश असलेल्या सदोष मनुष्यवधाला कलम १०५ खाली जन्मठेप, किंवा पाच ते दहा वर्षे कैद आहे. केवळ जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. हयगयीच्या मृत्यूला कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. खुनाला कलम १०३ खाली मृत्युदंड किंवा जन्मठेप.

तेव्हा उत्तर लिहिताना आरोपीच्या सांगण्यापासून सुरुवात करू नका. हत्यार कोणते, घाव कुठे, किती जोराने, कितीदा, आधी काय बोलला, नंतर काय केले, या प्रत्येक तथ्यावरून मन कशावर रोखले होते ते दाखवा आणि मगच कलम लिहा. प्रश्नातली घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल, तर भारतीय दंड संहितेचीच जुनी कलमे लागतील: २९९, ३००, ३०२, ३०४ आणि ३०४-अ.