आधी ओठ मिटवा, मग तोंड उघडा

घरी केलेल्या मराठी कार्टूनमध्ये एक खोट हमखास दिसते. पात्र ‘बाबा’ म्हणतं आणि त्याचे ओठ मिटतच नाहीत. ‘आ’ थोडा कमीजास्त उघडला तर कोणी हरकत घेत नाही. पण प, ब, म म्हणताना तोंड उघडं राहिलं की आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो.

अनेक जण हल्ली हे काम ‘रुबार्ब लिप सिंक’ या मोफत प्रोग्रामकडे सोपवतात. तो रेकॉर्डिंग ऐकतो आणि कोणत्या क्षणी तोंडाचा कोणता आकार हवा, याची यादी देतो. त्याचे मूळ सहा आकार हॅना-बार्बेरा स्टुडिओत ‘फ्लिन्टस्टोन्स’सारख्या मालिकांसाठी ठरले होते. प्रोग्रामची नेहमीची पद्धत मात्र इंग्रजी शब्द ओळखते. मराठीसाठी त्याला निव्वळ ध्वनी ऐकायला सांगावं लागतं:

```
rhubarb -r phonetic -o tond.tsv samvad.wav
```

ही पद्धत तितकी अचूक नाही, म्हणून यादी हाताने तपासावीच लागते. समजा, ‘बाबा’तल्या दुसऱ्या ‘ब’साठी मिटलेलं तोंड 1.02 ते 1.06 सेकंद असं आलं. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या आणि पहिलीला 0 क्रमांक दिला, तर या वेळात एकच फ्रेम सुरू होते, क्रमांक 25. तुम्ही दर दोन फ्रेमना एकच चित्र ठेवत असाल तर 24 नंतर थेट 26 तपासली जाते आणि मिटलेले ओठ मधल्यामध्ये गळून जातात. प्रोग्रामने ‘ब’ बरोबर ओळखूनही पडद्यावर तो दिसत नाही. अशा ठिकाणी मिटलेलं तोंड 24 आणि 25 या दोन्ही फ्रेमना ठेवा. ते आवाजाच्या किंचित आधी येईल, पण बिघडत काहीच नाही. आपणही बोलताना ओठ आधी मिटतो, आवाज नंतर फुटतो.

‘फ’ मात्र कान देऊन ठरवावा लागतो. ‘फुगा’ म्हणताना कोणी दोन्ही ओठ मिटवतं, कोणी खालचा ओठ दातांखाली घेतं. तुमचा कलाकार जे करतो तेच चित्र लावा. ‘ल’साठी वरच्या दातांमागे टेकलेली जीभ दाखवतात, तीच ‘ळ’ला लावू नका, तिथे जीभ मागे वळते आणि समोरून दिसत नाही.

रिगमधली एक चूक यादी कितीही अचूक असली तरी सुटत नाही. वरचे दात कवटीला घट्ट असतात, हलतो तो खालचा जबडा. म्हणून तोंडाच्या सगळ्या चित्रांत वरचे दात एकाच जागी काढा आणि तोंडाचा थर डोक्याला जोडा, धडाला नाही. नाहीतर प्रत्येक अक्षराला तोंड चेहऱ्यावरून उड्या मारतं आणि मान वळली की मागेच राहतं.

काम झालं की आवाज बंद करून प्रसंग पाहा. प, ब, म कुठे आले ते नुसत्या ओठांवरून सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर नवे आकार काढत बसू नका, आधी हरवलेले मिटलेले ओठ शोधा.