दोन सिद्धांत, एक तक्ता

व्यापारी घरातील मुलाला जमा आणि नावे या दोन बाजूंची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. जमेकडे धान्याची रक्कम आणि त्याच ओळीत नावेकडे वाण्याचा पत्ता लिहिला, तर ती खतावणी होत नाही. मानसशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत मात्र नेमके हेच घडते. डावीकडे स्पिअरमन यांच्या सिद्धांताचे वर्ष आणि उजवीकडे थर्स्टन यांच्या सिद्धांतावरील टीका. दोन्ही विधाने खरी असतात, पण तुलना होत नाही.

धाराशिव जिल्हा लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेत येतो. येथील कला शाखेचे जे विद्यार्थी बारावीला मानसशास्त्र घेतात, त्यांनी जुने प्रश्न समोर ठेवून आधी क्रियापद पाहावे. ‘फरक स्पष्ट करा’ असे विचारले असता भेदच हवे असतात. ‘तुलना करा’ म्हटले की भेदांबरोबर साम्यही द्यावे लागते. ‘चर्चा करा’ असेल, तर तक्त्यानंतर दोन-तीन वाक्यांत निर्णय मांडावा लागतो.

तक्त्याची रचना साधी आहे. पहिला स्तंभ ‘मुद्दा’ आणि पुढील दोन स्तंभ दोन विचारवंतांचे. मुद्दे आधी ठरवावेत आणि नंतर प्रत्येक ओळ आडवी भरावी. उभा स्तंभ आधी संपवला, तर समोरची बाजू आठवेल तशी लिहिली जाते आणि ओळींचा मेळ तुटतो. बुद्धीच्या दोन सिद्धांतांचा तक्ता असा होईल :

| मुद्दा | चार्ल्स स्पिअरमन | एल. एल. थर्स्टन |
|---|---|---|
| काळ | 1904 चा निबंध | 1938 चा ग्रंथ |
| गाभा | सर्व बौद्धिक कामांत एक सामान्य घटक. शिवाय प्रत्येक कामाचा विशिष्ट घटक | एकच सामान्य घटक नव्हे, तर सात प्राथमिक मानसिक क्षमता |
| आधार | शालेय विषयांतील गुण व संवेदनविषयक चाचण्या यांतील सहसंबंध | महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिलेल्या अनेक चाचण्या |
| बुद्धीचे वर्णन | मुख्यतः सामान्य घटकाच्या पातळीवरून | सात क्षमतांच्या आलेखावरून |
| मर्यादा | चाचण्यांचे गट आपापसांत अधिक जुळतात, याचा उलगडा अपुरा | क्षमता परस्परांपासून पूर्ण स्वतंत्र ठरत नाहीत |

थर्स्टन यांच्या सात क्षमता म्हणजे शब्दार्थबोध, शब्दप्रवाह, अंकक्षमता, अवकाशबोध, स्मृती, बोधगती आणि तर्कक्षमता. ही यादी तक्त्याच्या एका चौकटीत कोंबू नये. ती तक्त्याखाली एका वाक्यात द्यावी.

साम्याची ओळ बहुतेक वेळा राहून जाते. दोघांचाही पाया चाचण्यांच्या गुणांमधील सहसंबंध हाच होता. त्या सहसंबंधांमागील थोडे घटक शोधण्याच्या पद्धतीला घटक विश्लेषण म्हणतात. तिची सुरुवात स्पिअरमन यांनी केली आणि थर्स्टन यांनी तिचा विस्तार केला. म्हणजे कच्चा माल एकाच जातीचा, परंतु हिशोबाची रीत वेगळी होती.

मग निष्कर्ष वेगळे का निघाले? या प्रश्नाच्या उत्तरात चर्चेचा खरा गाभा आहे. थर्स्टन यांनी घटकांची मांडणी अशी केली की प्रत्येक चाचणी शक्यतो थोड्याच घटकांवर अवलंबून दिसावी. त्यामुळे सामान्य घटक वेगळा उठून दिसत नाही. शिवाय महाविद्यालयात पोहोचलेले विद्यार्थी आधीच निवडलेले असतात. त्यांच्यातील बौद्धिक तफावत कमी असल्याने चाचण्यांमधील सहसंबंधही क्षीण होतात. पुढे 1941 मध्ये थर्स्टन दांपत्याने आठवीच्या मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्राथमिक क्षमताच एकमेकींशी संबंधित आढळल्या आणि त्यांच्या वरच्या स्तरावर सामान्य घटकाला जागा उरली. म्हणून ‘थर्स्टन यांनी स्पिअरमन यांना खोटे ठरविले’ हे वाक्य उत्तरात चुकीचे ठरते. एकाने वरचा स्तर पाहिला, दुसऱ्याने खालचा, असा निर्णय अधिक बरोबर आहे.

तक्ता भरून झाल्यावर त्याची तपासणी सोपी आहे. डावा स्तंभ झाकून प्रत्येक ओळीतील दोन चौकटी वाचाव्यात. त्या दोन चौकटी एकाच प्रश्नाची उत्तरे वाटल्या नाहीत, तर ती ओळ बदलावी. दुसरी खूण अशी की एका चौकटीत ‘नाही’ एवढेच लिहावे लागत असेल, तर मुद्दाच चुकीचा निवडलेला असतो. तिसरी खूण जागेची. चार गुणांच्या उत्तराला साधारण चार नेमक्या ओळी पुरतात. दहा ओळींचा तक्ता वेळ खातो आणि साम्य व निर्णय यांना जागा ठेवत नाही.

याच रचनेला मर्यादाही आहे. फ्रॉइड आणि मॅस्लो यांची तुलना करताना ‘संशोधनाची पद्धत’ हा मुद्दा उपयोगी पडतो, पण ‘घटकांची संख्या’ हा निरर्थक ठरतो. तक्त्याचा सांगाडा पाठ करता येतो. मुद्दे मात्र प्रत्येक जोडीगणिक नव्याने निवडावे लागतात.