पोळ्याची अमावस्या नाही, बोंडाचं वय पाहा



पोळ्याच्या अमावस्येला कपाशीवर फवारा मारायचा, हे आपल्या भागात आता ठरूनच गेलं आहे. अंधाऱ्या रात्री गुलाबी बोंडअळीचा पतंग अंडी घालतो, म्हणून अमावस्या धरायची असं सांगतात. अमावस्येशी माझं भांडण नाही. त्या निमित्तानं माणूस वावरात तरी जातो. पण नुसत्या तारखेवर औषधाचा खर्च टाकणं मला पटत नाही. का पटत नाही ते हिशोबानं मांडतो.

२०२३ ला अधिक श्रावण होता, त्यामुळं पोळा १४ सप्टेंबरला आला. २०२५ ला तो २२ ऑगस्टलाच होता. तेवीस दिवसांचा फरक. आता दोन्ही वर्षी कपाशी २५ जूनला लावली असं धरा. २०२५ च्या पोळ्याला पऱ्हाटी ५८ दिवसांची होते. तिच्यावर पाते भरपूर, फुलं कुठं कुठं, आणि बोंड जवळपास नाहीच. २०२३ च्या पोळ्याला तीच पऱ्हाटी ८१ दिवसांची. खालच्या फांद्यांवर दहा-पंधरा दिवसांची कवळी बोंडं लागलेली. सण एकच, फवारा एकच, पण झाडावरचं काम एकदम वेगळं.

आता बोंडाचं गणित पाहा. लावणीपासून साधारण चाळीस दिवसांनी पाते दिसतात. पात्याचं फूल व्हायला आणखी तीन आठवडे लागतात. फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. तिथून बोंड धरलं की पहिले तीन आठवडे ते आकारानं वाढतं आणि आत सरकीवरचा धागा लांब होतो. त्यानंतरचे तीन-चार आठवडे बोंड मोठं होत नाही, पण धागा आतून भरतो, सरकी भरते. फुलापासून बोंड फुटायला एकूण पन्नास दिवसांच्या आसपास लागतात. थंडी पडली की जास्तच.

गुलाबी अळीला कवळं बोंड लागतं, मुख्यतः दहा ते वीस दिवसांचं. अंडं चार-पाच दिवसांत उबतं आणि अळी निघाल्यावर थोड्याच वेळात आत शिरते. तिनं पाडलेलं छिद्र बुजून जातं, म्हणून बोंड बाहेरून हिरवंगार, धडधाकट दिसतं. एकदा आत गेली की तुमचं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. फवारा लागू पडतो तो पतंगावर, अंड्यावर आणि नुकत्या निघालेल्या अळीवर. म्हणजे आपल्या हातात मोजके दिवस असतात. वेचणीला किडकी कवडी दिसली म्हणून जो पंप बाहेर काढतो, त्यानं निदान त्या बोंडापुरता तरी पैसा पाण्यात घातला.

मग वेळ ओळखायची कशी? दोन कामं आहेत.

पहिलं काम, पाते लागले की एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सलग तीन दिवस आले की वेळ झाली समजा.

दुसरं काम, फुलं सुरू झाल्यावर वावरात पाच ठिकाणी झाडं निवडा आणि पहिल्या दिवसाच्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधा. दोऱ्यावरून बोंडाचं वय कळतं. बोंडं पंधरा-वीस दिवसांची झाली की तेवढ्याच आकाराची वीस हिरवी बोंडं वेगवेगळ्या तासांतून तोडा आणि फोडा. आत पांढरी किंवा गुलाबी अळी आहे का, सालीच्या आतल्या बाजूला फोडासारखी गाठ आहे का, ते पाहा. विसात दोन बोंडं किडकी निघाली की फवारा. एकही नसेल तर चार-पाच दिवसांनी परत फोडा. सोबत डोमकळ्याही पाहत चला. न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल म्हणजे डोमकळी, आत अळी असते. ती तोडून नष्ट करा.

५८ दिवसांच्या कपाशीत त्रास असतो तो तुडतुडे नि फुलकिड्यांचा. तिथं जहाल औषध मारलं तर ढालकिडे, क्रायसोपा हे आपले मित्र मरतात आणि पुढं पांढरी माशी डोकं काढते. सापळा शांत असेल तर त्या दिवसांत पाच टक्के निंबोळी अर्क बरा. बोंडअळीची पातळी ओलांडली की मग शिफारशीतलं एकच औषध, लेबलावरच्या मात्रेनं. तीन बाटल्या एका पंपात नको. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते आपण पाहिलं आहे.

आता खताचं. बरेच जण खत आणि अळी वेगळे विषय समजतात. मला ते एकच वाटतात. २५ जूनच्या लावणीला युरियाचा शेवटचा हप्ता साठाव्या दिवशी, म्हणजे २४ ऑगस्टच्या आसपास, जमिनीत ओल असताना जायला पाहिजे. तेव्हाचं नत्र सप्टेंबरच्या फुलांना मिळतं. १ सप्टेंबरचं फूल २० ऑक्टोबरच्या आसपास फुटतं. हाच आपला खरा कापूस.

पण ऑक्टोबरात पानं लाल पडायला लागली की लोक पुन्हा युरियाचं पोतं फोडतात. त्या वेळी सगळी बोंडं एकदम अन्न ओढत असतात आणि मुळांची ताकद कमी झालेली असते. कोरडवाहू वावरात ओल नसेल तर ते खत लागतच नाही. ओल असेल तर नवी पालवी येते, नवे पाते येतात. २५ ऑक्टोबरचं फूल डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर फुटणार, तोवर जमीन कोरडी. उत्पन्न किरकोळ, पण पतंग सगळ्यात जास्त असतात तेव्हा त्यांना कवळी बोंडं आयती मिळतात. म्हणजे उशिराचा युरिया अळीलाच खाऊ घातला.

बोंडं भरताना झाडाला पोसायचं तर पानातून पोसा. दोन टक्के डीएपी, म्हणजे दहा लिटर पाण्याला २०० ग्रॅम. रात्री भिजत घालून सकाळी वरची निवळी घ्या, नाहीतर नोझल बसतं. पानं लाल पडत असतील तर मॅग्नेशियम सल्फेट एक टक्का, दहा लिटरला १०० ग्रॅम, वेगळ्या पंपानं.

माझं मत एवढंच, की साधारण १ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबरच्या फुलांची बोंडं राखायची. औषध, खत, मजुरी तिथं लावायची. त्यानंतरच्या बोंडांसाठी खर्च करायचा नाही आणि डिसेंबर संपता पऱ्हाटी उपटायची, फरदड ठेवायची नाही. ओलिताची किंवा मागंपुढं लावलेली कपाशी असेल तर या तारखा सरकतील. दोऱ्याचं आणि वीस बोंडांचं गणित मात्र तेच राहील.

दुकानात जायच्या आधी वीस बोंडं फोडून पाहा. त्याला पैसे लागत नाहीत.