२९ अंशांची भीती आली कुठून?

पाश्चात्त्य पद्धतीची पत्रिका काढून देणारं कुठलंही ॲप उघडा. एखाद्या ग्रहापुढे २९° दिसलं की त्याखाली तोच मजकूर येतो: अॅनारेटिक डिग्री, संकट, घाई, अपूर्ण राहिलेलं कर्म, या जन्मात संपवायचा धडा. दुसरा ज्योतिषी त्याच अंशाला त्या राशीवरचं प्रभुत्व म्हणतो. शुक्र २९ अंशांवर असेल तर एकाच्या मते तुमची नाती उतावळेपणात मोडतील, दुसऱ्याच्या मते प्रेम तुम्हाला पूर्ण कळलेलं आहे. दोन्ही वाक्यं एकाच पानावर सुखाने नांदतात. लग्न मोडलं तर पहिलं खरं, टिकलं तर दुसरं.

ज्योतिष खरं की खोटं, हा वाद मला इथे घालायचा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा नियम ज्या परंपरेच्या नावावर विकला जातो, त्या परंपरेत तो या रूपात नाहीच.

आधी मोजणी बघू. एका राशीचे ३० अंश. २९°००′ ते २९°५९′ हा शेवटचा तुकडा. म्हणजे २९ पूर्ण आणि तिसावा चालू. वाढदिवस झाल्यावर आपण ‘तिसावं लागलं’ म्हणतो, तसंच. इथवर ठीक.

आता नाव. ‘अनारेता’ हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ नाश करणारा. टॉलेमीच्या ‘टेट्राबिब्लॉस’मध्ये आयुष्याची लांबी काढायची रीत आहे. तीत एक बिंदू आयुष्य देणारा ठरवतात आणि तो पुढे सरकत ज्या घातक ग्रहापाशी किंवा बिंदूपाशी पोचतो, तो नाश करणारा. हा नाश करणारा प्रत्येक पत्रिकेत हिशेबाने शोधावा लागतो. सगळ्या राशींच्या शेवटी कायमचा बसवून ठेवलेला अंश, असा त्याचा अर्थ नव्हता. आजच्या लिखाणात हिशेब गेला आणि भीतीदायक नाव तेवढं एका आकड्याला चिकटलं.

शेवटच्या अंशांबद्दल जुना स्पष्ट नियम हवा असेल, तर तो विल्यम लिली या इंग्रज ज्योतिषाच्या १६४७ सालच्या ‘ख्रिश्चन अॅस्ट्रॉलॉजी’त मिळतो. पण तो प्रश्नकुंडलीचा आहे. कोणी येऊन प्रश्न विचारला, त्या क्षणाची कुंडली मांडली, आणि लग्न २७, २८ किंवा २९ अंशांवर निघालं, तर उत्तर देणं सुरक्षित नाही, असं लिली सांगतो. एक अपवाद असा: विचारणाऱ्याचं वय त्या अंशांशी जुळत असेल तर. अगदी सुरुवातीचे अंश लग्नी आले तरी तो सावध राहायला सांगतो.

नीट वाचा. नियम जन्मपत्रिकेचा नाही, प्रश्नकुंडलीचा आहे. ग्रहांचा नाही, लग्नाचा आहे. २९चा एकट्याचा नाही, तीन अंशांचा आहे. आणि त्याचा आदेश आहे ‘थांब, बोलू नकोस’. जिथे जुना ज्योतिषी गप्प बसायचा, तिथेच आजचा सगळ्यात जास्त बोलतो.

यावर उत्तर येतं की प्राचीन काळीही राशीचे शेवटचे अंश अशुभच होते. अर्धं खरं आहे. इजिप्शियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागणीत प्रत्येक राशीचे पाच असमान तुकडे पाडतात आणि शेवटचा तुकडा नेहमी मंगळाकडे किंवा शनीकडे जातो. पण तो तुकडा कन्येत दोनच अंशांचा आहे आणि मिथुनेत सहा अंशांचा. म्हणजे मिथुनेत २५व्या अंशावरचा ग्रहही त्याच शनीच्या ताब्यात. फक्त २९ला वेगळं काढायचं कारण या तक्त्यातही सापडत नाही.

‘क्रिटिकल’ अंशांची बाकीची यादी त्याहून मजेशीर आहे. चर राशींत ०, १३, २६. स्थिर राशींत ८-९ आणि २१-२२. द्विस्वभाव राशींत ४ आणि १७. आकडे गूढ वाटतात, पण ते साध्या भागाकारातून आले आहेत. चंद्राचे २८ मुक्काम धरा, आपल्या नक्षत्रांसारखे, अभिजित मिळवून. ३६० भागिले २८ म्हणजे १२°५१′. मेषेच्या शून्यापासून एकेक मुक्काम पुढे चला: १२°५१′, २५°४३′, मग वृषभेत ८°३४′ आणि २१°२६′, मिथुनेत ४°१७′ आणि १७°०९′, आणि सातव्या उडीनंतर बरोबर कर्केचं शून्य. पुन्हा तेच चक्र. ही सगळी यादी म्हणजे चंद्राच्या मुक्कामांच्या हद्दी आहेत. त्यात २९ कुठेच येत नाही. तो बाहेरून आणून यादीला जोडलेला आहे.

आता यातला बग बघा. १२°५१′ला यादी १३ म्हणते, म्हणजे जवळच्या पूर्णांकात बदलते. २९°५१′ला मात्र २९ म्हणतात, म्हणजे कला सरळ कापतात. एकाच यादीत दोन नियम. ॲप कला कापत असेल, तर नेमका हद्दीवर, मेषेत १२°५१′ला असलेला ग्रह १२ अंशांचा ठरून सुटतो, आणि हद्दीपासून जवळजवळ एक अंश लांब, १३°४५′ला असलेला ग्रह क्रिटिकल ठरतो. आमच्याकडे असा कोड रिव्ह्यूतच अडकला असता.

शेवटी, हा विशेष अंश किती जणांकडे असतो? दहा ग्रह धरा आणि प्रत्येकाची शेवटच्या अंशात असण्याची शक्यता तिसात एक. एकही ग्रह तिथे नसण्याची शक्यता २९/३० दहा वेळा गुणून मिळते, साधारण ०.७१. म्हणजे शंभरातल्या २९ जणांकडे निदान एक तरी ‘अॅनारेटिक’ ग्रह. वरची पूर्ण यादी आणि २९ एकत्र केले, तर दर ९० अंशांत १२ अंश क्रिटिकल होतात आणि हेच प्रमाण शंभरात ७६वर जातं. ग्रह एकमेकांपासून अगदी स्वतंत्र फिरत नाहीत, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे. पण चारातल्या तिघांना लागू पडणारी गोष्ट ‘तुमच्या पत्रिकेतलं दुर्मीळ चिन्ह’ म्हणून सांगणं ही फसवणूकच.

दुर्मीळ म्हणजे किती, हे प्लूटोने २०२४मध्ये दाखवलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो वक्री होऊन मकरेत परतला आणि १९ नोव्हेंबरच्या सुमारास कुंभेत जाईपर्यंत २९ अंशांच्या बाहेर पडलाच नाही. त्या साधारण ऐंशी दिवसांत जगात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पाश्चात्त्य पत्रिकेत प्लूटो मकरेच्या शेवटच्या अंशात आहे. जगात वर्षाला सुमारे तेरा कोटी जन्म होतात, म्हणजे ही बाळं अडीच कोटींहून जास्त. पुढे त्यातल्या एकेकाला पैसे घेऊन सांगितलं जाईल की हा तुझा वैयक्तिक कर्मभोग आहे. त्याच प्लूटोचं स्थान आपल्या निरयन पद्धतीने काढलं की सुमारे २४ अंश वजा होतात आणि तो मकरेच्या सहाव्या अंशात जातो. तिथे शेवट नाही, संकटही नाही.

म्हणून कोणी तुम्हाला २९ अंशांवरून घाबरवलं, तर त्याला एवढंच विचारा: हा नियम कुठल्या ग्रंथातला, कुठल्या प्रकारच्या कुंडलीसाठीचा, आणि तुम्ही कला कापता की जवळच्या पूर्णांकात बदलता? उत्तर येईपर्यंत फी भरू नका.