सहीची मुदत

राज्यशास्त्राच्या वर्गात संघराज्य आणि सत्ताविभाजन हे दोन विषय बहुधा दोन वेगळ्या स्लाइडवर येतात. पहिलीवर उभी उतरंड असते: वर केंद्र, खाली राज्ये आणि बाजूला सातव्या परिशिष्टातल्या तीन सूच्या. संरक्षण वरच्या चौकटीत, पोलीस खालच्या, शिक्षण दोघांच्या सामाईक चौकटीत. दुसरीवर आडव्या तीन चौकटी असतात: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ, आणि एकमेकांवरचा अंकुश दाखवणारे बाण. विद्यार्थी दोन्ही आकृत्या पाठ करतो आणि सत्ता एकदा उभी वाटली जाते, एकदा आडवी, असे समजून पुढे जातो. भारतात मात्र या दोन रेषा एका जागी एकमेकींना छेदतात आणि ती जागा दोन्ही स्लाइडवर सहसा नसते. ती जागा म्हणजे राज्यपालांच्या टेबलावरचे, विधिमंडळाने मंजूर केलेले पण सही न झालेले विधेयक. आडव्या आकृतीत राज्यपाल हे राज्याच्या कार्यकारी मंडळाचे प्रमुख असून राज्याच्या विधिमंडळाचाही भाग आहेत. उभ्या आकृतीत पाहिले तर त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच ते पदावर राहतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची. एकाच हाताला दोन धनी असले की त्या हातातली लेखणी थबकते, आणि ती किती काळ थबकावी हे राज्यघटनेने सांगितलेले नाही.

तमिळनाडूचा प्रसंग इथे जवळून पाहण्यासारखा आहे. तिथल्या विधानसभेने मंजूर केलेली दहा विधेयके राजभवनात पडून होती. त्यांतली सर्वांत जुनी दोन जानेवारी २०२० मधली, आधीच्या अण्णा द्रमुक सरकारच्या काळातली. म्हणजे हा केवळ एका पक्षाचा आणि एका राज्यपालांचा वाद नव्हता. बहुतेक विधेयके विद्यापीठांविषयीची होती आणि कुलगुरू नेमण्याचा कुलपतींचा अधिकार राज्य सरकारकडे नेणे हा त्यांचा मुख्य रोख होता. कुलपती स्वतः राज्यपालच, तेव्हा ज्यांचा अधिकार कमी होणार त्यांच्याच सहीसाठी ही विधेयके थांबलेली होती. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी राज्यपाल आर. एन. रवी यांनी कारणे न देता दहाही विधेयकांना संमती नाकारली. १८ नोव्हेंबरला विधानसभेने विशेष अधिवेशन घेऊन ती पुन्हा मंजूर केली. अनुच्छेद २०० म्हणतो की परत पाठवलेले विधेयक सभागृहाने पुन्हा मंजूर केले, तर राज्यपालांनी संमती रोखू नये. पण २८ नोव्हेंबरला राज्यपालांनी ती सगळी राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवली. अनुच्छेद २०१ नुसार राष्ट्रपतींनी राखीव विधेयक परत पाठवले आणि सभागृहाने ते पुन्हा मंजूर केले, तरी संमती देण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. आमदारांनी दोनदा मत देऊन मिळवलेला हक्क असा एका टपालात दिल्लीच्या मर्जीवर गेला.

८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने हे राखून ठेवणे बेकायदा ठरवले, राज्यपाल व राष्ट्रपती यांना मुदती घालून दिल्या आणि अनुच्छेद १४२ वापरून दहाही विधेयकांना संमती मिळाल्याचे मानले. राज्यांना हायसे वाटले, आणि ते समजण्यासारखे होते. पण राष्ट्रपतींनी याच विषयावर चौदा प्रश्न विचारले, तेव्हा पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी वेगळे मत दिले. विधेयक परत न पाठवता नुसती संमती रोखून धरता येणार नाही आणि अनिश्चित काळ गप्पही बसता येणार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. फार लांबलेल्या मौनावर राज्यपालांना निर्णय घ्यायला सांगता येईल, हेही मान्य केले. मात्र घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही आणि राज्यपालांच्या सहीच्या जागी न्यायालयाची सही चालणार नाही, असे त्याने म्हटले.

आमच्या मते हे दुसरे मत बरोबर आहे, आणि राज्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही ते स्वीकारावे. राज्यपालांनी विधिमंडळाच्या चौकटीत पाय ठेवला म्हणून न्यायालयाने कार्यकारी मंडळाच्या चौकटीत पाय ठेवावा, हा उपाय टिकाऊ नाही. उभ्या रेषेवरची दुखापत आडवी रेषा मोडून बरी होत नाही. परंतु या मताचा उरलेला अर्थही घ्यावा लागेल. मुदत न्यायालयाने घालायची नसेल, तर ती घटनेत घातली पाहिजे, आणि ते काम संसदेचे आहे.

अमेरिकेच्या घटनेशी तुलना केली की हे उघड दिसते. १७८७ च्या अधिवेशनात जेम्स मॅडिसन यांना राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार राष्ट्रीय काँग्रेसला हवा होता. तो नाकारला गेला आणि संघर्षाचा निवाडा न्यायालयांवर सोपवला गेला. तिथला गव्हर्नर राज्याचे मतदार निवडतात. त्याने नकाराधिकार वापरला तरी तो राज्याच्या आतला वाद असतो, वॉशिंग्टनची त्यात सही नसते. संघीय पातळीवर राष्ट्राध्यक्षांना रविवार वगळून दहा दिवस मिळतात. तेवढ्यात त्यांनी विधेयक परत पाठवले नाही आणि काँग्रेसचे अधिवेशन चालू असले, तर ते सहीविनाच कायदा होते. आपल्या न्यायालयाला जे देता आले नाही, ते तिथे घटनेच्याच मजकुरात आहे.

आपल्या घटनाकारांना हा प्रश्न सुचला नव्हता असे नाही. राज्यपाल लोकांनी निवडावा अशी आधी योजना होती. निवडून आलेला राज्यपाल मुख्यमंत्र्यांचा प्रतिस्पर्धी होईल म्हणून १९४९ मध्ये नेमणुकीचा मार्ग धरला गेला. राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवण्यासाठी मसुद्यात सहा आठवड्यांची मुदत होती. डॉ. आंबेडकरांच्या दुरुस्तीने तिच्या जागी ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द आले. ह. वि. कामथ यांनी त्याला हरकत घेतली होती. तेच शब्द अनुच्छेद २०० मध्येही आहेत. पदावरच्या माणसाच्या सद्बुद्धीवर टाकलेला तो विश्वास होता. महाराष्ट्राने त्याची किंमत वेगळ्या प्रसंगी पाहिली. विधान परिषदेवरच्या बारा सदस्यांची शिफारस मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये केली. त्यावर राज्यपालांचा निर्णय वाजवी मुदतीत व्हायला हवा, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटले, तरी सरकार बदलेपर्यंत तो झालाच नाही.

मुदत घातली तर राज्यपाल रबरी शिक्का होतील, अशी भीती घातली जाते. ती अनाठायी आहे. समवर्ती सूचीतला राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर त्याला राष्ट्रपतींची संमती लागतेच. उच्च न्यायालयाचे स्थान धोक्यात आणणारे विधेयक राखून ठेवणे राज्यपालांना बंधनकारकच आहे. हे सगळे राहू द्यावे. ठराविक दिवसांत सही करा, कारणांसह परत पाठवा किंवा राखून ठेवा, एवढेच मागणे आहे. सभागृहाने पुन्हा मंजूर केलेले विधेयक मात्र तिथून दिल्लीला जाऊ नये. घाईने चुकीचा कायदा होईल या शंकेवर न्यायालयीन पुनरावलोकन आहे. ते कायदा झाल्यावर, कारणे लिहून आणि दोन्ही बाजू ऐकून होते. कपाटातल्या मौनाला यातले काहीच नसते.

केंद्रात सत्तेवर असलेला कोणताही पक्ष आपल्या हातची ही सोय सोडणार नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण मुदतीची कल्पना दिल्लीला परकी नाही. केंद्र–राज्य संबंधांवरच्या पुंछी आयोगाने २०१० मध्ये राज्यपालांसाठी सहा महिने सुचवले होते, आणि राखीव विधेयकांचा निकाल तीन महिन्यांत लावावा असे केंद्रीय गृह मंत्रालयाच्याच २०१६ च्या परिपत्रकात म्हटले आहे. मंत्रालयाने स्वतःसाठी मान्य केलेली ती मुदत अनुच्छेद २०० आणि २०१ मध्ये लिहायला घटनादुरुस्ती पुरेशी आहे, आणि तिचा मसुदा एका पानात मावेल.