हप्ता लहान, व्याज महान

विरारला घर घेऊ पाहणाऱ्या एका भगिनीने विचारले आहे, "मोबाईलवर हिशेब केला तर २५ वर्षांचा हप्ता कमी येतो. हे म्हणतात तोच घेऊ. बरोबर ना?"

ताई, जरा थांबा. ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी धरा. २० वर्षांना हप्ता येतो सुमारे २६,०३५ रुपये, २५ वर्षांना २४,१५७. महिन्याला जवळजवळ एकोणीसशे वाचले म्हणून हायसे वाटते. पण तिथेच खाली Total Interest लिहिलेले असते, ते वाचा. पहिल्यात साडेबत्तीस लाख, दुसऱ्यात साडेबेचाळीस. म्हणजे व्याजापोटी दहा लाख जादा!

आणखी एक. हा हिशेब व्याजदर शेवटपर्यंत तोच धरतो. तुमचा दर बदलता असेल, तर नऊ टक्के घालूनही पाहा. २० वर्षांचा हप्ता साडेनऊशेने वाढतो. हप्ता तोच ठेवला, तर फेड सव्वादोन वर्षे लांबते. दर वाढल्यावर यातले काय हवे, ते निवडायची मुभा बँकेने द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे.

तो वाढीव हप्ता किराणा, फी, लोकलचा पास भागवून झेपतो का, ते वहीत मांडा. झेपत असेल, तर २० वर्षेच घ्या. वही ह्यांनाही दाखवा बरं!