एकशे पंधरा टक्के हजेरी

‘मशिनमधील मूळ नोंदींना हात न लावता विभागनिहाय मासिक हजेरीचा पिव्हट गोषवारा ३ तारखेपर्यंत सादर करावा.’ शब्दांच्या थोड्याफार फरकाने हेच वाक्य असलेले आदेश अलीकडे टाइम ऑफिसमधल्या बऱ्याच वाचकांच्या हाती पडले आहेत आणि त्यांच्या प्रती आमच्या टेबलावर जमल्या आहेत. आदेश काढणाऱ्यांचा हेतू उघड आहे. टाइम कीपरने हजेरीत हातचलाखी करू नये, म्हणून त्याला नोंदींपासूनच दूर ठेवायचे. मशिन खोटे बोलत नाही, अशी त्यामागची श्रद्धा. मशिन खोटे बोलत नाही हे खरेच. पण हजेरीबद्दल ते काहीच बोलत नाही. कोणत्या क्रमांकाचे बोट कोणत्या क्षणी लागले, एवढेच ते सांगते. त्यावरून हजेरी काढणे हे आपले काम आहे, आणि नेमके तेच करायला या आदेशाने बंदी केली आहे.

त्यातून काय निघते ते एका वाचकाने कळवले आहे. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. पॅकिंग विभागात ४० माणसे, महिन्यात कामाचे २६ दिवस, म्हणजे अपेक्षित मनुष्यदिवस १०४०. आदेशाप्रमाणे मूळ लॉगवर थेट पिव्हट लावला. ओळींत विभाग, व्हॅल्यूत पंचांचा Count. आकडा आला २३९२. एक पंच येण्याचा, एक जाण्याचा, म्हणून त्याचे निम्मे केले. आले ११९६. हजेरी ११५ टक्के! गोषवारा वर गेला आणि तीन दिवसांनी खाली विचारणा आली की पॅकिंगसारखी उपस्थिती इतर विभागांत का नाही. कॅन्टीनला जाता-येताना गेटवर लागलेले पंच आणि बोट नीट उमटले की नाही या शंकेने दोन-दोनदा दाबलेले पंच, हे या विभागाच्या उत्तम उपस्थितीचे रहस्य होते. विचारणा करणाऱ्या साहेबांना शंभराच्या वरचा आकडा खटकला नाही, याचे आम्हाला फारसे आश्चर्य वाटले नाही. पण तो पाठवणाऱ्यालाही खटकू नये? निम्मे करून मोकळे होण्याची ही सवय आपल्या पुष्कळ सभासदांना आहे, आणि ती आदेशाच्या आधीपासूनची आहे.

यापेक्षा थोडे पुढचे लोक लॉग डेटा मॉडेलमध्ये घालतात, कोड आणि तारीख जोडून एक कॉलम करतात आणि त्याचा Distinct Count घेतात. माणूस त्या तारखेला कितीही वेळा बोट लावो, मोजला एकदाच जातो. एकाच दिवसपाळीच्या कार्यालयात हे जमून जाते. जिथे रात्रपाळी आहे तिथे मात्र आकडा आता शंभराच्या आत येतो, विश्वासार्ह दिसतो आणि तरीही चुकीचा असतो. ११५ टक्के निदान पकडता तरी येतात.

रात्री १० ते सकाळी ६ या पाळीतल्या एका माणसाचा आठवडा पाहा. सोमवार ते शनिवार त्याची रात्रपाळी लागली आहे आणि बुधवारी रात्री तो आला नाही. त्याचे पंच असे: सोमवारी रात्री ९.५४, मंगळवारी सकाळी ६.०७ आणि रात्री ९.५७, बुधवारी सकाळी ६.०४. मग खंड. गुरुवारी रात्री ९.५२, शुक्रवारी सकाळी ६.०५ आणि रात्री ९.५५, शनिवारी सकाळी ६.०३ आणि रात्री ९.५०, आणि शेवटी रविवारी सकाळी ६.०६. वेगवेगळ्या तारखा मोजा. सोमवार ते रविवार सातही भरतात. माणूस प्रत्यक्षात पाच रात्री कामावर होता. बुधवारची गैरहजेरी मंगळवारच्या पाळीतून बाहेर पडतानाच्या पंचाने झाकली गेली, आणि साप्ताहिक सुट्टीच्या रविवारी तो हजर दिसला. ही चूक दर आठवड्याला, प्रत्येक रात्रपाळीच्या माणसामागे होते. ज्या विभागात रात्रपाळ्या जास्त, त्याची उपस्थिती चांगली दिसते. आणि ज्या माणसाने दांडी मारली त्याची दांडी सापडतच नाही.

हा काही तर्काचा खेळ नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ने स्पष्ट म्हटले होते की पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात मोजायचे. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही तोच नियम ठेवला आहे. म्हणजे ‘पंचाची तारीख तीच हजेरीची तारीख’ असे मानणारा गोषवारा कायद्याच्या व्याख्येशी विसंगत असतो. नोंदींना हात लावू नका म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर हा नियम ठेवा.

यावर काहीजण सोपा उपाय करतात: प्रत्येक पंचातून सात तास वजा. सकाळी ६.०४चा पंच आदल्या रात्री ११.०४चा होतो आणि रात्रपाळीचे गणित सुटते. पण त्याच गेटवर सकाळी ५.५२ला पहिल्या पाळीचा माणूस आत येत असतो. वजाबाकीने त्याचा येण्याचा पंच आदल्या दिवशी जातो आणि दुपारी २ वाजता जाण्याचा पंच त्याच दिवशी राहतो. सकाळी सहाच्या आसपासचा पंच कोणत्या दिवसाचा, हे घड्याळ सांगू शकत नाही. त्या माणसाची काल कोणती पाळी होती, हेच ते ठरवते. म्हणून पाळीपत्रक हवेच, आणि तेही माणूस गुणिले दिवस अशा रूपात: प्रत्येक माणसाची प्रत्येक तारखेला एक ओळ, त्यात कोड, तारीख, त्या दिवशीचा विभाग, त्या दिवशीची पाळी किंवा साप्ताहिक सुट्टी. या टेबलाचे नाव Roster ठेवले, कोड आणि तारीख जोडून Key केली, आणि लॉगच्या प्रतीत A कॉलममध्ये कोड व B मध्ये पंचाची तारीख-वेळ असेल, तर एवढे पुरते:

```
D2: =XLOOKUP(A2&"|"&TEXT(INT(B2)-1,"yyyymmdd"), Roster[Key], Roster[Shift], "")
E2: =INT(B2)-IF(AND(D2="N",MOD(B2,1)<0.5),1,0)
```

D मध्ये आदल्या दिवसाची पाळी येते. ती रात्रपाळी असेल आणि पंच दुपारी बाराच्या आतला असेल, तर E मधली हजेरीची तारीख एक दिवस मागे जाते. मूळ शीट जशीच्या तशी राहते. वरचा आठवडा यातून काढला की बुधवार कोरा येतो आणि रविवारही कोराच. दोन पथ्ये मात्र पाळायची. पाळीपत्रकात मागच्या महिन्याचा शेवटचा दिवस असू द्या, नाहीतर १ तारखेच्या सकाळचे पंच आदल्या महिन्यात जाणार नाहीत. आणि लॉग पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या दुपारपर्यंत उतरवा. महिन्याचा फिल्टर पंचाच्या तारखेवर नको, E कॉलमवर लावा. रात्रपाळी संपवून लगेच पहिल्या पाळीला थांबलेला माणूस या सूत्रात बसत नाही. त्याचे डबल ड्युटीचे पत्र टाइम ऑफिसकडे असतेच. ती ओळ हातानेच पाहावी लागते.

आता मूळ मुद्दा. पिव्हट लॉगवर लावायचाच नाही. गैरहजर माणसाचा पंच नसतो, म्हणून लॉगमध्ये गैरहजेरीची ओळच नसते, आणि जे टेबलात नाही ते कोणताही पिव्हट मोजू शकत नाही. पिव्हट लावायचा पाळीपत्रकावर, मागच्या महिन्याचा तो जादा दिवस वगळून. त्याच्या प्रत्येक ओळीपुढे त्या कोडचा त्या हजेरी-तारखेचा पहिला आणि शेवटचा पंच MINIFS, MAXIFS ने आणा. मशिनने दिलेल्या इन-आउट खुणेवर विसंबू नका. गर्दीत कोणी ते बटण बदलत नाही. पंच नसेल तर गैरहजर. पहिल्या आणि शेवटच्या पंचात दहा मिनिटांहून कमी अंतर असेल तर तो एकच पंच समजून ‘एकेरी’ म्हणा. बाकीचे हजर. मग कामाच्या दिवसाला १ असा Due आणि हजेरीला १ किंवा ०.५ असा Present, हे दोन आकड्यांचे कॉलम करा आणि पिव्हटमध्ये कॅल्क्युलेटेड फील्ड ठेवा `=Present/Due`. पिव्हट आधी दोन्हींच्या बेरजा करतो आणि मग भागतो, म्हणून तळाची एकूण टक्केवारीही बरोबर येते. विभागांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढणाऱ्यांनी चार जणांचे स्टोअर आणि चाळीस जणांचे पॅकिंग एका मापाने मोजलेले असते. महिन्याच्या मध्यात बदली झालेल्या माणसाचा प्रश्नही इथे आपोआप मिटतो, कारण विभाग त्या दिवसाच्या ओळीतच आहे.

तपासणी सोपी आहे. Due ची बेरीज माणसे गुणिले कामाचे दिवस इतकीच यायला हवी. आणि पाळीपत्रकात जागा न मिळालेल्या पंचांची वेगळी यादी काढा. पुढची शून्ये गळालेले कोड, उतरवताना दिवस-महिना उलटलेल्या तारखा, सगळे त्या यादीत सापडते. तारखांचे लक्षण पक्के आहे: १३ तारखेपासूनचे पंच मजकूर म्हणून डावीकडे चिकटलेले दिसले, तर १२ पर्यंतचे निमूटपणे उलटलेले आहेत असे समजा.

पॅकिंगचा महिना असा काढल्यावर १०४० पैकी ९२१ हजर, १५ एकेरी, १०४ गैरहजर वा रजेवर आले. एकेरी धरले तर ९० टक्के, न धरले तर ८८.६. कोणते खरे? हे एक्सेल ठरवणार नाही आणि टाइम कीपरनेही ठरवू नये. ज्या आदेशात तारीख आहे, नमुना आहे, ‘जबाबदारी निश्चित केली जाईल’ आहे, त्यात एकेरी पंचाचे काय करायचे याबद्दल अवाक्षर नाही. अर्धा दिवस किती तासांचा, रजेवरचा माणूस छेदात धरायचा की नाही, हेही नाही. व्याख्या द्यायची नाही आणि आकडा मागायचा, मग पगार कापला गेला की टाइम ऑफिसकडे बोट दाखवायचे, हा प्रकार आता थांबला पाहिजे.

तेव्हा सभासदांनो, पुढचा गोषवारा पाठवण्यापूर्वी एक पत्र द्या. एकेरी पंच, अर्धा दिवस आणि रजा यांचे नियम लेखी मागा. संहितेतल्या रात्रपाळीच्या नियमाचा उल्लेख करून हजेरीची तारीख पाळीपत्रकावरून काढत असल्याचे कळवा. मूळ लॉगची न बदललेली फाइल सोबत जोडा म्हणजे हातचलाखीचा संशय उरणार नाही. उत्तर आले नाही तर एकेरीचा कॉलम वेगळा दाखवून गोषवारा पाठवा, पण निम्मे करून पाठवू नका. पत्राची आणि आलेल्या उत्तराची प्रत आमच्याकडेही धाडा. नियम देणाऱ्या व्यवस्थापनांचे नमुने पुढच्या अंकात छापू.